सहल काढायची? मग मधला हंगाम धरा

मैत्रिणींनो, गटाची सहल ठरवताना आपण आधी सुट्टी बघतो. दिवाळी, नाहीतर मे महिना. नेमकी तेव्हाच सगळ्यांना सुट्टी असते, म्हणून खोल्या महाग आणि गर्दीही तुफान. पावसाळ्यात खोली स्वस्त मिळते, पण फिरता येत नाही. या दोन्हींच्या मधले जे आठवडे, तो मधला हंगाम.

मालवण-तारकर्लीचं उदाहरण घेऊ. ऑक्टोबरमध्ये तिथे उकाडा असतो, दुपारनंतर गडगडाटी पाऊसही येतो. दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्या की गर्दी ओसरते, आकाश मोकळं होतं, सकाळी थोडा गारवा येतो. २० डिसेंबरनंतर नाताळची गर्दी सुरू होते. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून २० डिसेंबरपर्यंतचे दिवस आपले.

आता हिशोब करू. समजा आपण १२ जणी आहोत. एका खोलीत तिघी, म्हणजे ४ खोल्या, मुक्काम २ रात्री. दिवाळीत खोली ३,००० रुपये असेल तर २४,००० होतात. मधल्या हंगामात तीच १,८०० ला मिळाली तर १४,४००. वाचले ९,६००, म्हणजे प्रत्येकीचे ८०० रुपये. एसटीचं मात्र तसं नाही. महिलांना अर्धं तिकीट वर्षभर असतं, त्यामुळे तिथे हंगामाने फारसा फरक पडत नाही. बचत होते ती मुख्यतः खोलीत.

पण भाव उतरतो तो सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी मधल्या हंगामातही खोल्या भरतात. म्हणून चौकशी करताना नुसता महिना सांगू नका, वार आणि तारीख सांगून भाव विचारा.

फेब्रुवारीत जायचं म्हणाल, तर आधी आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख विचारा. ही तारीख कॅलेंडरवर ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत मालवणात खोली मिळणं कठीण.

जूनच्या सुरुवातीलाही खोली स्वस्त मिळते, पण तिथे फसू नका. सिंधुदुर्ग किल्ला समुद्रात आहे, होडीशिवाय जाता येत नाही, आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात. किल्ला न बघताच परत यावं लागेल. नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही वादळाचा इशारा आला की होड्या थांबतात. म्हणून किल्ला पहिल्याच दिवशी ठेवा. त्या दिवशी नाही जमलं, तर दुसरा दिवस हाताशी राहतो.

ॲडव्हान्स देण्याआधी मालकीणबाईंना तीन गोष्टी विचारा. गिऱ्हाईक कमी असलं तरी स्वयंपाकघर चालू असतं का? होडी किती माणसं जमल्यावर सुटते? बेत रद्द झाला तर ॲडव्हान्स परत मिळतो का? उत्तरं सहलीच्या वहीत लिहून ठेवा, आणि मगच पैसे पाठवा.