स्तंभालेखावरील आडवी रेषा : मध्य की मध्यक?

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :

१. स्तंभालेखावर मध्याची रेषा आणि मध्यकाची रेषा काढता येईल.
२. रेषा बदलली की त्याच आकडेवारीचा अर्थ कसा बदलतो, हे सांगता येईल.
३. कोणती रेषा कोणत्या प्रश्नाला उत्तर देते, हे ठरवता येईल.

१. प्रास्ताविक

भाषेचा अभ्यास करताना भाषकसंख्येची आकडेवारी वारंवार समोर येते. ती स्तंभालेखाच्या रूपात मांडली, की तुलनेसाठी एक आडवी रेषा काढण्याची पद्धत आहे. रेषेच्या वर गेलेले स्तंभ ‘मोठे’ आणि खाली राहिलेले ‘लहान’, असे वाचक नकळत ठरवून टाकतो. म्हणून ती रेषा कशाची आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

एक साधे उदाहरण घ्या. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या एखाद्या फाट्यावर चहाच्या चार टपऱ्या आणि एक मोठा ढाबा आहे, असे समजा. टपऱ्यांची दिवसाची विक्री ९००, १,०००, १,१०० आणि १,२०० रुपये, तर ढाब्याची १०,८०० रुपये. पाचांची बेरीज १५,००० रुपये होते. तिला पाचाने भागले की ३,००० रुपये येतात. हा मध्य, म्हणजेच आपल्या रोजच्या बोलण्यातील सरासरी. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला निवडला, तर १,१०० रुपये मिळतात. हा मध्यक.

आता ३,००० रुपयांवर रेषा काढा. चारही टपऱ्या ‘सरासरीपेक्षा कमी’ दिसतील. वस्तुतः त्या फाट्यावर ३,००० रुपयांच्या आसपास विक्री असलेले एकही दुकान नाही. १,१०० रुपयांची रेषा मात्र एका खऱ्या टपरीवरून जाते. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. त्यांनी उत्तर दिलेले प्रश्न मात्र वेगळे आहेत.

२. बावीस भाषा, बावीस स्तंभ

आता खरी आकडेवारी घेऊ. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची भाषकसंख्या, कोटींमध्ये, पुढीलप्रमाणे आहे.

पहिल्या अकरा भाषा : हिंदी ५२.८३, बंगाली ९.७२, मराठी ८.३०, तेलुगू ८.११, तमिळ ६.९०, गुजराती ५.५५, उर्दू ५.०८, कन्नड ४.३७, ओडिया ३.७५, मल्याळम ३.४८, पंजाबी ३.३१.

पुढील अकरा भाषा : असमिया १.५३, मैथिली १.३६, संथाली ०.७४, काश्मिरी ०.६८, नेपाळी ०.२९, सिंधी ०.२८, डोगरी ०.२६, कोकणी ०.२३, मणिपुरी ०.१८, बोडो ०.१५ आणि संस्कृत सुमारे २५ हजार भाषक.

या सर्वांची बेरीज सुमारे ११७.१० कोटी होते. तिला २२ ने भागल्यावर मध्य ५.३२ कोटी येतो. मध्यक काढताना स्तंभांची संख्या सम असल्याने अकरावा आणि बारावा आकडा घ्यावा लागतो. पंजाबी ३.३१ आणि असमिया १.५३ यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे २.४२ कोटींवर, मध्यक येतो.

संगणकावरील तक्त्यात भाषांची नावे A स्तंभात आणि आकडे B स्तंभात, दुसऱ्या ओळीपासून भरले असतील, तर सूत्रे अशी लिहावीत :

```
=AVERAGE(B$2:B$23)
=MEDIAN(B$2:B$23)
```

पहिले सूत्र C2 मध्ये व दुसरे D2 मध्ये लिहून दोन्ही तेविसाव्या ओळीपर्यंत उतरवावे. प्रत्येक भाषेपुढे तोच आकडा येईल. आलेख काढताना B स्तंभासाठी उभे स्तंभ, तर C किंवा D साठी रेषा हा प्रकार निवडला, की आडवी रेषा तयार होते.

३. दोन रेषांमध्ये सापडलेल्या भाषा

मध्याची रेषा काढली, तर हिंदी, बंगाली, मराठी, तेलुगू, तमिळ आणि गुजराती या सहाच भाषा तिच्या वर दिसतात. उरलेल्या सोळा खाली जातात. मध्यकाची रेषा काढली, तर अकरा भाषा वर आणि अकरा खाली असतात. मध्यकाची व्याख्याच तशी आहे.

या दोन रेषांच्या दरम्यान ज्यांचे माथे येतात, त्या पाच भाषांकडे विशेष लक्ष द्या : उर्दू, कन्नड, ओडिया, मल्याळम आणि पंजाबी. कन्नडचे भाषक ४.३७ कोटी आहेत. एका आलेखात कन्नड ‘सरासरीपेक्षा लहान भाषा’ ठरते आणि दुसऱ्यात ती वरच्या निम्म्या भाषांत बसते. एकही भाषक कमी-जास्त झालेला नाही, फक्त रेषा बदलली आहे.

येथे शब्दाचाही प्रश्न आहे. मराठीत ‘सरासरी’ हा शब्द गणिती संज्ञा म्हणून येतो, तसाच ‘सर्वसाधारण’ या अर्थानेही येतो. त्यामुळे ‘सरासरीपेक्षा कमी’ हे विधान ऐकताच ‘सर्वसाधारण पातळीला न पोचलेले’ असा अर्थ मनात उमटतो. बावीसपैकी सोळा भाषा सरासरीखाली असतील, तर सरासरीखाली असणे हीच तेथील सर्वसाधारण स्थिती आहे. संज्ञेतील अर्थ आणि व्यवहारातील अर्थ असे वेगळे होतात, तेव्हा आलेखाखालच्या मजकुरात ‘सरासरी’ हा शब्द एकटा सोडू नये.

४. एका स्तंभाचा भार

मध्याची रेषा एवढी वर का गेली? मध्य हा तोलाचा बिंदू असतो. रेषेच्या वर आलेल्या सर्व भागांची बेरीज आणि खाली राहिलेल्या सर्व उणिवांची बेरीज सारखीच असते. हिंदीचा एकटा स्तंभ रेषेच्या ४७.५१ कोटींनी वर आहे. तो तोल साधण्यासाठी रेषेला वर सरकावे लागते.

हिंदीचा स्तंभ वगळून पाहा. उरलेल्या २१ भाषांचा मध्य ३.०६ कोटी होतो आणि वरील पाचही भाषा रेषेच्या वर येतात. मध्यकही बदलतो. तो आता २.४२ वरून १.५३ कोटींवर, म्हणजे असमियावर येतो. एखादा टोकाचा आकडा काढला तरी मध्यक फारसा हलत नाही, असे सांगितले जाते. येथे मात्र तो बराच हलला. कारण पंजाबी आणि असमिया यांच्यामध्ये मोठी पोकळी आहे आणि पहिला मध्यक त्या पोकळीत उभा होता. तथापि, मध्यकाच्या या सरकण्याने कोणतीही भाषा रेषेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली नाही. असमियाचा माथा केवळ रेषेला टेकला. म्हणून रेषेची उंची किती बदलली यापेक्षा कोणते स्तंभ रेषा ओलांडून गेले, हे तपासणे अधिक उपयोगाचे ठरते.

भाषाभ्यासकाने आणखी एक पायरी पुढे जावे. ‘हिंदी ५२.८३ कोटी’ हा आकडा एका मातृभाषेचा नाही, तो जनगणनेतील एका गटाचा आहे. भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी अशा अनेक मातृभाषा या गटात मोजल्या आहेत. मराठवाड्यातील तांड्यांवर बोलली जाणारी बंजारा समाजाची भाषाही ‘बंजारी’ आणि ‘लमाणी’ या नोंदींखाली याच गटात गेली आहे. आपली मातृभाषा केवळ ‘हिंदी’ अशी नोंदवणारे ३२.२२ कोटी आहेत.

हिंदीच्या स्तंभाला ५२.८३ ऐवजी ३२.२२ ही उंची दिली, तर मध्य ५.३२ वरून ४.३९ कोटींवर उतरतो. उर्दू लगेच रेषेच्या वर येते आणि कन्नड केवळ ०.०२ कोटींनी खाली राहते. मध्यक मात्र २.४२ कोटींवरच राहतो, कारण हिंदीचा स्तंभ कमी झाला तरी क्रम बदलत नाही. याचा अर्थ असा, की भोजपुरी किंवा बंजारी बोलणाऱ्यांची गणना कोठे करायची, या वर्गीकरणाच्या निर्णयावर उर्दू ‘सरासरीपेक्षा मोठी’ की ‘लहान’, हे ठरत होते. मध्याच्या रेषेत असे निर्णय गुपचूप मिसळलेले असतात.

५. निवड कशी करावी?

एकूण बेरजेशी संबंध असेल, तेव्हा मध्य योग्य. मध्याला स्तंभांच्या संख्येने गुणले की एकूण बेरीज परत मिळते. ‘सर्वांना समान वाटणी झाली असती, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती आले असते?’ या प्रश्नाला मध्याची रेषा उत्तर देते. मध्यकातून बेरीज काढता येत नाही. ‘क्रमाने लावल्यावर मधोमध उभी असलेली भाषा केवढी?’ या प्रश्नाला मध्यकाची रेषा उत्तर देते. भाषेची तुलना इतर भाषांशी करायची असेल, तर बहुधा हाच प्रश्न अभिप्रेत असतो.

कोणतीही रेषा निवडा, पण दुसरी कागदावर काढून पाहा. दोन्ही जवळजवळ असतील, तर निवडीने फारसा फरक पडत नाही. त्या दूर असतील, तर मधल्या स्तंभांची नावे मजकुरात द्या. रेषेवर तिचे नाव, तिचा आकडा आणि ती किती स्तंभांवरून काढली, हे लिहा. उदाहरणार्थ : ‘मध्यक, २२ भाषा, २.४२ कोटी’.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

मैथिली, संथाली, डोगरी आणि बोडो या चार भाषा २००३ मध्ये अनुसूचीत आल्या. त्या वगळून, २०११ चेच आकडे घेऊन १८ भाषांचा मध्य व मध्यक काढा. कोणत्या भाषा रेषा ओलांडतात?

उत्तर

चारही वगळल्यावर बेरीज ११४.५९ कोटी होते आणि मध्य ६.३७ कोटी येतो. गुजराती रेषेच्या खाली जाते. मध्यक ओडिया आणि मल्याळम यांच्या मधोमध, ३.६२ कोटींवर येतो. मल्याळम आणि पंजाबी खाली जातात. म्हणजे आकड्यांच्या टोकाला दाद न देणारा मध्यकही यादीत कोणाला घ्यायचे, या निर्णयापुढे हलतो. म्हणूनच रेषेच्या नावाबरोबर स्तंभांची संख्या लिहिणे आवश्यक आहे.