चंद्रकळेचा पांढरा पट्टा

माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईची काळी इरकली चंद्रकळा नेसले होते. ही साडी अख्खी रेशमी. पदर लाल, त्यात ठळक पांढरे पट्टे, आणि पदरावर कशिद्याची गोपुरं नि हत्ती. कार्यक्रमात पदराच्या टोकाला चहा सांडला. त्या रात्री मी माहेरीच होते. डाग वाळला की निघायचा नाही म्हणून घाई केली. बादलीत कोमट पाणी, मूठभर धुण्याची पावडर, आणि साडी त्यात अर्धा तास. नंतर पिळून, दुमडून दोरीवर टाकली. सकाळी पाहिलं तर पांढरे पट्टे गुलाबी झाले होते आणि पांढऱ्या धाग्याचे हत्ती राखाडी.

वहिनी म्हणाली, "अहो ताई, मीठ घालायला हवं होतं, रंग पक्का झाला असता." बहुतेक घरांत हेच सांगतात, पण मिठाने रेशमाचा सुटणारा रंग पक्का होत नाही. चूक पावडरीपासून सुरू झाली होती. रेशीम हे आपल्या केसांसारखंच प्रथिन आहे. पावडरीतल्या सोड्याने ते खरखरीत होतं आणि त्याने धरलेला रंगही सैल पडतो. शिवाय डाळीचे, अंड्याचे डाग काढण्यासाठी काही पावडरींत एन्झाइम घातलेले असतात. प्रथिनं तोडणं हेच त्यांचं काम, त्यामुळे त्यांना डाग आणि रेशीम यांत फरक कळत नाही. उरलेलं नुकसान दोरीवर झालं. ओल्या घडीत लाल भाग पांढऱ्याला रात्रभर चिकटून होता.

तेव्हापासून साडी भिजवण्याआधी मी रंग तपासते. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळायचा आणि साडीच्या आतल्या बाजूने प्रत्येक रंगावर पाच मिनिटं दाबून धरायचा. काठ, अंग, पदर आणि कशिद्याचा प्रत्येक धागा, सगळं वेगवेगळं तपासायचं.  कापडाचा रंग पक्का असला तरी भरतकामाचा धागा वेगळा रंगवलेला असतो. रुमालावर पुसटसा जरी रंग उतरला, तरी ती साडी घरी धुवायची नाही, ड्रायक्लीनला द्यायची.

रुमाल कोरा राहिला तर रिठे. आठ-दहा रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी पंधरा मिनिटं उकळून, पूर्ण गार करून, दुहेरी कापडातून गाळायची. हा काढा अर्धी बादली गार पाण्यात घातला की पुरतो. सांगलीला आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. त्यात साबणाचा पांढरा साका काळ्या साडीवर बसतो, रिठ्याचा तसा बसत नाही. साताऱ्यात कासच्या पाण्याला ही अडचण येत नाही. मात्र रिठ्याचं पाणी तपकिरी असतं, म्हणून पांढऱ्या किंवा मोतिया साडीला ते वापरू नका, पिवळसर झाक येते. तिथे चमचाभर सौम्य शाम्पू बरा.

साडी आधी नुसत्या गार पाण्यातून काढायची, मग रिठ्याच्या पाण्यात तीन-चार मिनिटं हलक्या हाताने वरखाली करायची. ब्रश नको, चोळणं नको. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, आणि कशिद्याला गाठी मारलेल्या नसतात. गवंती नि मुर्गी टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसावेत म्हणून धाग्याचं टोक टाक्यांतच दडवतात. मागून बोट फिरवलं तर गाठ हाताला लागत नाही. चोळलं की हे टोक सुटतं आणि हत्तीचं पाऊल उसवतं.

फेस जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढा. पाणी रंगीत होताना दिसलं तर साडी तिथेच उचला, "थोडं अजून" करू नका. शेवटच्या अर्ध्या बादलीत दोन चमचे पांढरा व्हिनेगर घातला तर पाण्याचा अल्कलीपणा जातो आणि रेशमाची चकाकी टिकते. सुटणारा रंग त्याने थांबत नाही. जरीच्या साडीला तो अजिबात नको.

पिळायचं नाही. जुन्या पंच्यावर साडी पसरून, पंच्यासकट गुंडाळून दाबायची, पाणी पंचा शोषतो. मग सावलीत बाजेवर उलगडून पसरायची. लाल पांढऱ्याला शिवणार नाही इतकी मोकळी. जागा कमी असेल तर घडीच्या मध्ये कोरडा पंचा घालायचा. किंचित ओलसर असतानाच उलट्या बाजूने, वर मलमल टाकून, मंद इस्त्री. कशिद्याखाली जाड टॉवेल ठेवला की टाके चपटे होत नाहीत.

त्या चंद्रकळेचे पट्टे अजून गुलाबीच आहेत. ब्लीच लावायचा सल्ला पुष्कळांनी दिला. क्लोरीनचं ब्लीच रेशमाला विरघळवतं, म्हणून मी तो ऐकला नाही.