बालकांचा न्यूमोनिया : श्वासांची मोजणी व उपचार

दहा महिन्यांच्या, 8 किलो वजनाच्या बालकास खोकला होता. ते शांत असताना आरोग्यसेविकेने पूर्ण एक मिनिट श्वास मोजले; ते 54 भरले. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बालकात 50 वा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण होय. एक ते पाच वर्षे वयात ही मर्यादा 40 आहे.

या बालकास अमॉक्सिसिलिनची 250 मिलिग्रॅमची गोळी चमचाभर स्वच्छ पाण्यात विरघळवून सकाळ-संध्याकाळ एकेक, 5 दिवस द्यावी. ताप उतरला तरी औषध थांबवू नये. दोन दिवसांनी श्वास पुन्हा मोजावेत.

मात्र बालक दूध पीत नसेल, सर्व ओकून टाकत असेल, झटके वा गुंगी आली असेल, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. दोन महिन्यांखालील आजारी बालकासही हाच नियम लागू आहे.