देण्याची वही व निजण्याची वेळ

ज्याची नोकरी सुटली त्याचा हिशेब बहुधा अंथरुणास पाठ लागताच सुरू होतो. आमच्या मंडळीतील एका बंधूचे काम सुटले, तेव्हा तो मध्यरात्रीपर्यंत व्याज मोजीत जागा राही. आम्ही त्यास सांगितले की, दिवेलागणीस पत्नीसह वही घेऊन बसावे, देणे किती व उद्या कोणास भेटावयाचे एवढेच लिहावे, आणि अर्ध्या तासाने वही पेटीत ठेवावी. मग चौथे स्तोत्र वाचून प्रार्थना करावी. ते निजण्याच्या वेळचेच आहे. तरीही झोप न आल्यास तळमळत न पडता ओट्यावर जाऊन बसावे व डोळे जड झाल्यावर परतावे. सकाळी मात्र नेहमीच्याच वेळी उठावे, दुपारी निजू नये. पहिल्या आठवड्यात तो रात्री वही पुन्हा काढी. शेवटी पेटीची किल्ली पत्नीने आपल्याकडे ठेवली. देणे अद्याप फिटावयाचे आहे.