कथेतील वस्तू आणि ओळखीचा क्रम : वडिलांची अवजारांची पेटी

प्रास्ताविक

वस्तूंच्या आधारे कथेत पात्र कसे उभे राहते, हे या पाठात एका नमुना-कथानकातून पाहावयाचे आहे. कथानक साधे आहे. कोल्हापूरच्या सुभाषनगरात चपला बनविणाऱ्या एका कारागिराचे निधन झाले आहे. त्याची अवजारे विकत घेण्यासाठी शेजारचा एक कारागीर सायंकाळी येणार आहे. तत्पूर्वी त्याची तरुण मुलगी पेटी रिकामी करते आणि कोणते अवजार कशासाठी होते, हे ओळखत जाते.

१. मुलीला किती माहीत आहे?

कोल्हापुरी चपलेचा तळ कापणे, ठोकणे आणि शिवणे ही कामे परंपरेने पुरुष करतात. पट्ट्यावरची वेणी गुंफण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असते. म्हणजे मुलगी या धंद्याला परकी नाही. पण तिला अर्धीच चप्पल येते. वडिलांची अवजारे तिने रोज पाहिली आहेत, हाती मात्र घेतलेली नाहीत. तिला सर्व काही माहीत असते, तर कथा म्हणजे निव्वळ यादी झाली असती. काहीच माहीत नसते, तर ओळख पटली नसती.

२. ओळखीच्या तीन पायऱ्या

प्रथम हातोडी निघते. तिचे तोंड रुंद आणि गुळगुळीत आहे. भिजविलेले कातडे ठोकून घट्ट करण्याचा आवाज मुलीने लहानपणापासून ऐकला आहे. ही ओळख केवळ आठवणीने पटते.

त्यानंतर दोन आऱ्या निघतात, एक जाड आणि एक बारीक. येथे आठवण पुरत नाही. मुलगी स्वतःच्या पायातील चप्पल काढून तिच्या कडेची शिवण पाहते. पारंपरिक चपलेत खिळे नसतात. तळाचे थर कातड्याच्याच वादीने शिवलेले असतात. वादीसाठी पाडलेले भोक वादीपेक्षा किंचित अरुंद असावे लागते. ते मोठे झाले तर शिवण सैल पडते. बारीक आरीचे टोक त्या शिवणीशी जुळते. ही ओळख पडताळणीने पटते.

शेवटी दोन रापी उरतात. रुंद रापी तळ कापण्याची, हे उघड आहे. दुसरी मात्र दगडावर घासून घासून इतकी अरुंद झाली आहे की, तिने जाड तळ कापणे शक्य नाही. मुलगी ती बाजूला ठेवते. पेटीच्या तळाशी फडक्यात बांधलेल्या, एकसारख्या रुंदीच्या पातळ पट्ट्या सापडतात. अशाच पट्ट्यांची वेणी ती गेली कित्येक वर्षे गुंफत आली आहे. त्या रोज सकाळी तयार मिळत. कोण कापते, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. ही ओळख दोन वस्तू शेजारी आल्यामुळे पटते आणि ती अवजाराची राहत नाही, वडिलांची होते.

हा क्रम उलटा करून पाहा. अरुंद रापी आधी ओळखली गेली, तर हातोडी आणि आरी यांना सांगण्यासारखे काही उरत नाही.

३. शेवट

मुलगी एका तुकड्यावर ती रापी चालवून पाहते. कापलेली कड स्वच्छ आहे, म्हणजे धार शाबूत आहे. पण पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होते. दोष हाताचा आहे. तेवढ्यात शेजारी दारात येतो. ती म्हणते, ‘काका, एवढी रापी सोडून बाकीचं बघा.’ कथा येथेच संपते. तिने काय ठरविले, हे वाचकाला कळते. पुढे तिला ते जमेल की नाही, हे कळत नाही.

४. टाळावयाच्या दोन चुका

पहिली चूक भावना सांगण्याची. ‘वडिलांचे प्रेम तिला उमगले’ असे वाक्य येथे लिहिले, तर पट्ट्यांनी केलेले काम वाया जाते. दुसरी चूक माहिती कोंबण्याची. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले, ही माहिती खरी आहे. परंतु पेटीतील कोणतीही वस्तू मुलीला ते सांगत नाही. म्हणून या कथेत तिला स्थान नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) मुलीला वेणीचे कामही येत नसते, तर तिसरी ओळख कशी बदलली असती, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

आ) तुमच्या परिचयातील एका कारागिराची तीन अवजारे निवडा. आठवण, पडताळणी आणि दोन वस्तूंचा मेळ या क्रमाने ती ओळखली जातील, असा एक परिच्छेद लिहा.