घरच्या सोन्याचा हिशोब संगणकावर

“जालना, सोन्याचा पाळणा” ही म्हण आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. परंतु घरात सोने किती, त्याची आज किंमत काय आणि त्यात नफा खरोखर झाला का, असे विचारले तर बहुतेक घरांत जुन्या पावत्यांची पुरचुंडी पुढे येते. पेरणीच्या तोंडावर सोने मोडायचे की गहाण ठेवायचे, हा निर्णय मग अंदाजावर होतो. तो हिशोबावर व्हावा म्हणून एक साधा तक्ता आम्ही येथे देत आहोत. एक्सेल किंवा गुगल शीट्स, कशावरही तो चालतो.

वरच्या `B1` या घरात शुद्ध म्हणजे २४ कॅरेट सोन्याचा एका ग्रॅमचा भाव लिहावा. सराफाकडून विक्रीचा नव्हे, तर मोडीचा भाव विचारून घ्यावा. तुम्हाला हाती मिळणार तो तोच. `B2` मध्ये भाव घेतल्याची तारीख लिहावी. चौथ्या ओळीत मथळे आणि पाचव्या ओळीपासून एकेक दागिना. `A` मध्ये नाव, `B` मध्ये खडे-लाख वगळून निव्वळ वजन, `C` मध्ये शुद्धता (९१६ चा शिक्का असेल तर 0.916), `D` मध्ये मजुरी व करासह पावतीची पूर्ण रक्कम. पुढच्या घरांत ही सूत्रे टाकावीत:

```
E5: =B5*C5
F5: =E5*$B$1
G5: =IF(D5="","",F5-D5)
H5: =IF(D5="","",D5/E5)
```

`E` म्हणजे शुद्ध सोने, `F` आजची किंमत, `G` नफा. `H` मध्ये येतो तो “उंबरठा भाव”, म्हणजे ज्या भावाला तुमचा खर्च जेमतेम भरून निघतो. सगळ्या तक्त्याचे मर्म या घरात आहे.

समजा, २० ग्रॅमच्या २२ कॅरेट पाटल्या घेतल्या तेव्हा शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये होता. (आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत.) त्यात शुद्ध सोने १८.३२ ग्रॅम, किंमत १,८३,२०० रुपये. १२ टक्के मजुरी आणि त्या सर्वांवर ३ टक्के जीएसटी धरून पावती झाली सुमारे २,११,३४० रुपयांची. आता भाव १२,००० झाला. घरधनी म्हणतो, “वीस ग्रॅमवर दोन-दोन हजार, चाळीस हजार सुटले!” तक्ता मात्र नफा दाखवतो ८,५०० रुपये. भाव २० टक्के चढला, नफा ४ टक्केच झाला, कारण या पाटल्यांचा उंबरठा भाव ११,५३६ होता. त्याखाली मोडल्यास तोटाच.

आता खबरीची सोय. `I5` मध्ये ज्या भावाला तुम्हाला जागे व्हायचे आहे तो भाव लिहावा. विकायचे असेल तर तो उंबरठ्याच्या वरचा असावा. मग:

```
J5: =IF(I5="","",IF($B$1>=I5,"खबर",""))
C2: =IF(TODAY()-B2>7,"भाव जुना","")
```

पहिली अट गाळू नये. रिकामे घर संगणक शून्य धरतो आणि मग प्रत्येक दागिन्यापुढे “खबर” झळकत राहते. दुसरे सूत्र आठवड्यापेक्षा जुन्या भावावर विसंबू देत नाही. तक्ता आपणहून हाक मारणार नाही. आठवड्यातून एकदा भाव भरून तो उघडावाच लागतो.

चुका नेहमी त्याच होतात. दहा ग्रॅमचा भाव लिहिला तर किंमत दहापट फुगते. २२ कॅरेटचा भाव लिहून पुन्हा 0.916 ने गुणले तर किंमत आठ टक्क्यांहून अधिक घटते. आकडा घरात डावीकडे सरकलेला दिसला तर संगणकाने तो शब्द मानला आहे. मराठी अंक लिहिल्यास असे घडू शकते, म्हणून तक्त्यात इंग्रजी अंकच वापरावेत.

तोळ्याचीही गफलत होते. बाजारात आज तोळा म्हणजे १० ग्रॅम बोलतात, आजीच्या काळचा तोळा ११.६६४ ग्रॅमचा. जकातीचा साडेसात तोळ्यांचा निसाब ८७.४८ ग्रॅम येतो तो या जुन्या तोळ्याने. ७५ ग्रॅम धरणे चूक. म्हणून वजन नेहमी ग्रॅममध्येच लिहावे.

आजीकडून आलेल्या दागिन्याची पावती नसते. तेथे `D` रिकामे ठेवावे, शून्य लिहू नये. नाहीतर सगळी किंमतच नफा म्हणून दिसेल. त्याची शुद्धताही अंदाजाने न लिहिता तपासून घ्यावी. जुना दागिना २२ समजलेला २० कॅरेट निघाला, तर दर दहा ग्रॅममागे पाऊण ग्रॅमहून अधिक सोने कागदावरच होते, असे समजावे.