रंगांच्या नावांचे भाषांतर
(इयत्ता सातवी : भाषाविषयाचा पाठ)

कापडविक्रीच्या सूचिपत्रकांत ‘टील’, ‘मरून’, ‘मस्टर्ड’ अशी इंग्रजी रंगनामे येतात. त्याच सूचिपत्रकाची मराठी व हिंदी आवृत्ती काढावयाची झाल्यास भाषांतरकार प्रथम शब्दकोश उघडतो आणि तेथेच फसतो. रंगाचे नाव हे बहुधा एखाद्या वस्तूचे नाव असते. परंतु वस्तूचे भाषांतर केले म्हणजे रंगाचे भाषांतर होतेच असे नाही. ही एकच गोष्ट मुलांच्या मनावर ठसविणे, हा या पाठाचा उद्देश होय.

प्रथम ‘मस्टर्ड’ घ्यावा. कोशात त्याचा अर्थ मोहरी असा मिळेल. पण ‘मोहरी रंगाचा सदरा’ असे वाचून आपल्याकडील मुलासमोर फोडणीतील काळसर दाणा उभा राहतो. हिंदीत ‘सरसों’ लिहिले, तर उत्तरेकडील वाचकास फुललेले शेत आठवते आणि तो लख्ख पिवळ्या रंगाची अपेक्षा करतो. इंग्रज मनुष्याच्या डोळ्यांपुढे मात्र दाणाही नसतो आणि फूलही नसते. मोहरी वाटून केलेले, जेवणाच्या ताटात वाढले जाणारे तोंडीलावणे असते. त्याचा रंग मंद पिवळा असून त्यास तपकिरी झाक असते. वनस्पती एकच, पण तीन भाषांनी तिची तीन रूपे उचलली आहेत. म्हणून येथे वनस्पती सोडून द्यावी आणि समोरच्या कापडाकडे पाहावे. ‘मातकट पिवळा’ हे वर्णन पुष्कळ जवळचे आहे; परंतु ‘मातकट’ म्हटले की कापड मळके वाटते व गिऱ्हाईक पाठ फिरविते. त्यापेक्षा ‘तपकिरी झाकेचा हळदी’ हे बरे. हिंदीत ‘भूरापन लिए पीला’ असे लिहिता येईल.

‘टील’ हे मुळात एका लहान रानबदकाचे नाव आहे. त्या जातीच्या नराच्या डोळ्याभोवती हिरवट निळा पट्टा असतो, त्यावरून रंगास ते नाव पडले. येथे बदकाचे नाव देऊन कोणासही बोध होणार नाही. आपल्या बायका लुगड्यांच्या बाबतीत ‘मोरपिशी’ हा शब्द वापरीत आल्या आहेत आणि हिंदीत ‘मोरपंखी’ आहे. पक्षी बदलला, पण रंग राहिला. हेच खरे भाषांतर. ‘फिरोजी’ मात्र घेऊ नये, कारण तो पुष्कळ फिका असतो.

‘मोरपिशी’ शब्दाचा आणखी एक लाभ आहे. ‘हिरवट निळा’ लिहिल्यास सदरा निळा, साडी निळी, धोतर निळे असे रूप दर वेळी बदलावे लागते. सूचिपत्रकात एकच नाव सर्व कपड्यांपुढे छापले जाते. तेथे ‘निळा साडी’ अशी चूक हमखास होते. मोरपिशी, डाळिंबी, अंजिरी हे शब्द लिंगानुसार बदलत नाहीत. हिंदीतही ‘नीला’ बदलतो, ‘मोरपंखी’ बदलत नाही.

‘मरून’ हा शब्द चेस्टनट या फळाच्या फ्रेंच नावावरून आला. ते फळ तपकिरी असले, तरी आज हे नाव तपकिरी झाकेच्या गडद लाल रंगास लावतात. ‘तपकिरी’ म्हटल्यास लाली जाते. ‘डाळिंबी’ म्हटल्यास गडदपणा जातो. इंग्रजी शब्दच ठेवावा, तर मराठीत ‘मरून’ हे ‘मरणे’ या क्रियापदाचेही रूप होते. लग्नाच्या शालूपुढे ते एकटे छापणे बरे दिसत नाही. म्हणून ‘मॅरून’ असे लिहावे किंवा ‘काळपट लाल’ म्हणावे. हिंदीत ‘मैरून’ रूढ आहे. त्यास ही अडचण नाही.

पाठ घेताना शिंप्याकडील चिंध्या आणाव्यात. लिंबासारखी पिवळी, हळदी, मस्टर्ड, तपकिरी व काळी अशा पाच चिंध्या मेजावर मांडाव्यात. एका गटाने मस्टर्ड चिंधीस मराठी नाव द्यावे. दुसऱ्या गटातील दहा मुलांना एकेक करून आत बोलवावे आणि केवळ ते नाव ऐकवून चिंधी उचलावयास सांगावे. ‘मोहरी’ ऐकून हात काळ्या चिंधीकडे गेला, तर दोष मुलाचा नव्हे, नावाचा आहे. दहांपैकी आठांनी योग्य चिंधी उचलली, तर नाव ठेवावे, नाहीतर बदलावे. हा प्रयोग दिवसाच्या उजेडात करावा. पिवळसर दिव्याखाली मोरपिशी कापड अधिक हिरवे दिसते व निकाल बिघडतो.

उत्तम नावानेही नेमकी छटा कळत नाही. एकाचा मोरपिशी निळ्याकडे झुकतो, दुसऱ्याचा हिरव्याकडे. म्हणून सूचिपत्रकात नावाशेजारी कापडाचा तुकडा किंवा रंगीत चौकोन असावाच. नावाचे काम एवढेच, की दूरगावच्या गिऱ्हाइकाने पार्सल उघडल्यावर ‘हा मी मागविलेला रंगच नव्हे’ असे म्हणण्याची पाळी येऊ नये.